टार्गेट ओलांडल्यावर टीमचं अभिनंदन कसं करावं, आणि पायाचं काम करणाऱ्याचं नाव त्यात कसं घ्यावं

सप्टेंबर संपतो, जुलै ते सप्टेंबरचा आकडा टार्गेटच्या वर जातो आणि ग्रुपवर टाळ्यांचे, फटाक्यांचे इमोजी सुरू होतात. नव्याने एरिया सेल्स मॅनेजर झालेल्या माणसाने आता काहीतरी लिहावं अशी सगळ्यांची अपेक्षा असते. बहुतेक जण लिहितात, ‘जबरदस्त टीम! सगळ्यांच्या अथक मेहनतीचं फळ.’ ज्याने बिलं कापली त्याला हे वाक्य पुरतं, कारण त्याचं नाव विक्रीच्या रिपोर्टमध्ये रकमेसकट आधीच छापलेलं असतं. ज्याने दुकानांची यादी साफ केली, डिस्ट्रिब्युटरचे अडकलेले क्लेम सोडवले, त्याचं नाव मात्र कोणत्याच रिपोर्टमध्ये येत नाही. ‘सगळ्यांच्या मेहनतीत’ ते काम मावतं असं लिहिणाऱ्याला वाटतं. करणाऱ्याला ते त्यात कुठेच दिसत नाही.

हा लेख अशा मॅनेजरसाठी आहे, ज्याच्या हाताखाली पहिल्यांदाच आठ-दहा जणांची टीम आली आहे आणि पहिलं टार्गेट नुकतंच पार झालं आहे. सोयीसाठी एकच उदाहरण शेवटपर्यंत धरू. त्यातली माणसं आणि आकडे उदाहरणापुरते आहेत.

समजा, पॅकबंद खाद्यपदार्थांची कंपनी आहे आणि ऑफिस अंधेरीच्या एमआयडीसीत आहे. तुमच्याकडे कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंतचा आणि चेंबूरचा भाग आहे. चार डिस्ट्रिब्युटर, नऊ सेल्समन आणि ऑफिसात एक सेल्स कोऑर्डिनेटर, सुषमाताई. वयाने त्या तुमच्यापेक्षा मोठ्या, कंपनीत तुमच्याआधीपासून. सेल्समन त्यांना ‘मॅडम’ म्हणतात. तिमाहीचं टार्गेट २ कोटी ४० लाख होतं, झाले २ कोटी ६१ लाख, म्हणजे सुमारे १०९ टक्के.

आधी आकडा तपासा

अभिनंदनाचा मजकूर लिहायला घेण्याआधी हा २ कोटी ६१ लाखांचा आकडा नक्की कशाचा आहे ते पाहा. कंपनीने डिस्ट्रिब्युटरला घातलेला माल म्हणजे प्रायमरी. डिस्ट्रिब्युटरकडून दुकानात गेलेला माल म्हणजे सेकंडरी. टार्गेट बहुतेक ठिकाणी प्रायमरीवर लावलेलं असतं, आणि प्रायमरी शेवटच्या तीन दिवसांत फुगवता येते. डिस्ट्रिब्युटरच्या हातापाया पडून गोडाऊनमध्ये माल उतरवला की आकडा दिसतो. ऑक्टोबरात तोच माल पडून राहतो, पुढची ऑर्डर येत नाही, आणि काही वेळा माल परतही येतो.

म्हणून दोन गोष्टी शेजारी ठेवा. आपल्या उदाहरणात त्याच तिमाहीची सेकंडरी २ कोटी ५२ लाख आहे. दोन्ही एकाच भावाने मोजल्या असतील तर डिस्ट्रिब्युटरांकडचा साठा तीन महिन्यांत ९ लाखांनी वाढला. या भागात महिन्याला साधारण ८४ लाखांचा माल दुकानात जातो, म्हणजे हा वाढीव साठा जेमतेम तीन दिवसांचा. दिवाळी तोंडावर असताना एवढा साठा कुणीही ठेवतो. आकडा खरा आहे, अभिनंदन करायला हरकत नाही. सेकंडरी २ कोटी १० लाखांवर अडकली असती आणि सप्टेंबरच्या शेवटच्या तीन दिवसांतच ५०-६० लाखांची बिलं झाली असती, तर मी जाहीर कौतुक थांबवलं असतं. माल कोंबल्याचं कौतुक एकदा झालं की डिसेंबरातही माल कोंबला जातो.

याच तपासणीचा उपयोग पुढेही होतो. पायाचं काम खरोखर झालं असेल तर ते सेकंडरीत दिसतं. दुकानापर्यंत माल जायला जे अडथळे होते ते कुणीतरी काढलेले असतात. ते कुणी काढले हे शोधणं ही खरी मेहनतीची पायरी, आणि सगळ्यात जास्त वेळ तिथेच द्यावा.

काम कुणी केलं ते कसं शोधायचं

‘या वेळी सगळ्यात जास्त मेहनत कुणी घेतली?’ असं टीमला विचारलं तर सगळे एकमेकांची नावं घेतील किंवा सगळ्यात मोठ्या बिलवाल्याचं नाव घेतील. प्रश्न उलटा विचारावा. ‘गेल्या तिमाहीत जे अडत होतं आणि या वेळी अडलं नाही, असं काय होतं?’ पायाच्या कामाचा परिणाम बहुतेक वेळा कटकट कमी होण्यात दिसतो, आणि कमी झालेली कटकट कुणी आपणहून सांगायला येत नाही. चहाच्या टपरीवर किंवा डिस्ट्रिब्युटरच्या पॉइंटवर, एकेकट्याला विचारा.

कुर्ल्याची बीट, म्हणजे ठरलेल्या दुकानांची फेरी, करणारा इरफान सांगतो, ‘सर, आधी यादीत चाळीस दुकानं असायची आणि त्यातली सात-आठ शटर बंद. कुठे बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेलेली, कुठे एकच दुकान दोन नावांनी. आता यादीत जे दुकान आहे ते जागेवर आहे.’ विक्रोळीकडचा महेश म्हणतो, ‘जुलैत आमचा डिस्ट्रिब्युटर माल उचलायलाच तयार नव्हता. क्लेम अडकलेले. ऑगस्टमध्ये पैसे जमा झाले आणि तो मोकळा झाला.’

दोन वेगवेगळ्या माणसांनी दोन वेगवेगळ्या गोष्टी सांगितल्या आणि दोन्हींचा माग सुषमाताईंच्या टेबलापर्यंत जातो. आता तोंडी सांगण्यावर न थांबता कागद पाहा. दुकानांच्या यादीची जूनमधली फाइल आणि सप्टेंबरमधली फाइल उघडा. क्लेमच्या मेलची साखळी वाचा. हे पाहायला अर्धा दिवस जाईल, तो जाऊ द्या, कारण पुढचं कौतुक किती नेमकं होणार ते इथेच ठरतं.

आपल्या उदाहरणात कागद असं सांगतात. जूनमध्ये यादीत १,६५० दुकानं होती. सुषमाताईंनी एकेक फोन करून त्यातल्या २१० नोंदी चुकीच्या काढल्या. दुहेरी नोंदी ओळखायला त्यांनी आधी जीएसटी क्रमांक जुळवले. पण वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असलेल्या माल विकणाऱ्या दुकानाला सहसा नोंदणी लागत नाही, त्यामुळे गल्लीतल्या कितीतरी किराणा दुकानांना तो क्रमांकच नसतो. तिथे त्यांनी मोबाइल नंबरावरून जोड्या लावल्या. फोन दुपारी दोन ते चारच्या मध्ये केले, कारण सकाळी आणि संध्याकाळी गल्ल्यावरचा माणूस फोनवर बोलायला मोकळा नसतो. रिडेव्हलपमेंटमुळे हललेली दुकानं त्यांनी नुसती खोडली नाहीत. नवीन गाळा कुठे मिळाला ते विचारून पत्ता बदलला आणि दुकान जवळच्या बीटमध्ये टाकलं.

क्लेमचं काम याहून किचकट. स्कीम चालू असताना डिस्ट्रिब्युटर दुकानदाराला सूट आधी स्वतःच्या खिशातून देतो आणि नंतर कंपनीकडे मागतो. बिलाची तारीख स्कीमच्या तारखेत बसली नाही, पॅकचा कोड चुकला, बिलाची प्रत लागली नाही, की क्लेम परत येतो. विक्रोळीच्या डिस्ट्रिब्युटरचे जानेवारीपासूनचे ४ लाख ८० हजार असे अडकले होते. ताईंनी बिल न् बिल स्कीमच्या पत्रकाशी ताडून पाहिलं. ३ लाख ९० हजार ऑगस्टच्या मध्यापर्यंत क्रेडिट नोटने जमा झाले. उरलेले ९० हजार स्कीमच्या तारखेबाहेरचे होते, ते मिळणार नाहीत हे त्यांनी त्याला स्पष्ट सांगितलं. पैसे सुटले तसा त्याने गणपतीच्या तोंडावर पूर्ण माल उचलला.

श्रेयाची हद्द आखून घ्या

इथे उत्साहाच्या भरात एक मोह होतो. ‘सुषमाताई नसत्या तर टार्गेट झालंच नसतं’ असं लिहावंसं वाटतं. लिहू नका. त्याच तिमाहीत गणपती आले, छोट्या पॅकवर स्कीम होती, नऊ जण पावसात बीट करत होते. यादी साफ झाल्यामुळे नेमके किती लाख वाढले हे तुम्हाला वेगळं काढता येणार नाही, आणि जे काढता येत नाही ते जाहीरपणे सांगितलं की सेल्समन मनात लगेच हिशेब मांडतात. सगळ्यात अवघडल्यासारखं त्या ताईंनाच होतं, कारण उद्या त्यांना याच नऊ जणांबरोबर काम करायचं आहे.

जे दाखवता येतं तेवढंच बोला. दिवसाला चाळीस दुकानं फिरल्यावर आधी सरासरी १८ ठिकाणी बिल होत होतं, आता २३ ठिकाणी होतं. बंद शटरवर जाणाऱ्या चकरा वाचल्या, हे त्याचं एक कारण. विक्रोळीचा डिस्ट्रिब्युटर जुलैत माल घेत नव्हता, क्लेम सुटल्यावर घ्यायला लागला. काम, त्यामुळे काय बदललं, आणि तो बदल विक्रीत कुठे दिसला, या तीन कड्या सांगितल्या की ऐकणारा स्वतःच बाकीचं समजतो. मधली कडी सुटली तर पहिली आणि शेवटची जोडायला ‘मोलाचा वाटा’, ‘पडद्यामागचे हात’ असे शब्द लागतात. असे शब्द तुमच्या मजकुरात आले तर मधली कडी अजून सापडलेली नाही असं समजा आणि परत कागदांकडे जा.

त्यांना आधी विचारा

जाहीर बोलण्याआधी ज्यांचं नाव घेणार त्यांच्याशी दहा मिनिटं बोला. यात दोन कामं होतात. एक म्हणजे तपशील बरोबर आहेत का ते कळतं. दुसरं म्हणजे काय बोललेलं चालेल आणि काय नाही हे कळतं. संवाद साधारण असा होतो.

‘ताई, सोमवारच्या मीटिंगमध्ये यादीचं आणि विक्रोळीच्या क्लेमचं काम तुमचं नाव घेऊन सांगणार आहे. चालेल ना?’

‘चालेल की. पण मी रात्री उशिरापर्यंत बसायचे वगैरे नका सांगू हं. घरी त्यावरून आधीच ऐकून घेतलंय.’

‘नाही सांगत. आणखी काही?’

‘क्लेमची बिलं एकट्या मी नाही शोधली. डिस्ट्रिब्युटरकडचा तो अकाउंट बघणारा मुलगा आहे ना, प्रकाश, त्याने जुन्या फायली काढून दिल्या. त्याचं नाव घ्या. आणि ते क्लेम मुळात का अडकले ते नका काढू. ज्याच्याकडून राहिलं तो बिचारा अजून याच टीममध्ये आहे.’

या तीन वाक्यांत तुमचा मजकूर सुधारला. त्याग आणि जागरणाची वर्णनं गेली, आणि ती जायलाच हवीत, कारण त्यात कामातली हुशारी दिसत नाही, फक्त सोसणं दिसतं. प्रकाशचं नाव आलं. आणि एक पेच टळला. पायाचं काम बऱ्याचदा आधी कुणीतरी सोडून दिलेलं असतं. ते कुणी निस्तरलं हे सांगताना कुणी सोडलं हेही आपोआप उघड होतं. म्हणून ‘गोंधळ निस्तरला’ ऐवजी ‘जानेवारीपासूनचे क्लेम मार्गी लावले’ असं म्हणावं.

काही जणांना चारचौघांत नाव घेतलेलं खरंच नको असतं. त्यांनी नको म्हटलं तर मीटिंगमध्ये कामाचा उल्लेख करा, नाव मात्र फक्त वरिष्ठांच्या मेलमध्ये लिहा. आणि तसं केल्याचं त्यांना सांगा.

इन्सेंटिव्हची चौकशी आत्ताच करा

ही पायरी नवे मॅनेजर हमखास विसरतात. टार्गेट ओलांडलं की सेल्समनला इन्सेंटिव्ह मिळतो. कोऑर्डिनेटर बहुतेक कंपन्यांत त्या योजनेत बसतच नाही. तुम्ही मीटिंगमध्ये त्यांचं भरभरून कौतुक करता, आणि महिनाअखेरीस नऊ जणांच्या खात्यात रक्कम येते, त्यांच्या खात्यात नाही. त्या दिवशी तुमचे शब्द त्यांना आठवतात, आणि ते चांगल्या अर्थाने नसतात.

मीटिंगच्या आधी एचआरला विचारून घ्या की सेल्सबाहेरच्या माणसाला एकरकमी बक्षीस देण्याची काही तरतूद आहे का, मंजुरी कोण देतं, किती दिवस लागतात. तरतूद असेल तर अर्ज आधी करा आणि बोला नंतर. मंजुरी हातात येईपर्यंत मीटिंगमध्ये ‘ताईंसाठीही काहीतरी करतो’ असं म्हणू नका. तरतूद नसेल तर तेही ताईंना खाजगीत सरळ सांगा: ‘या वेळी योजनेत तुमचं नाव बसत नाही, पुढच्या वर्षीच्या योजनेसाठी मी लेखी मागणी पाठवली आहे.’ आणि मागणी खरोखर पाठवलेली असू द्या.

कधी आणि कुठे

तीस सप्टेंबरच्या रात्री सगळ्यांना काहीतरी ऐकायचं असतं. तेव्हा एवढंच लिहा: ‘आकडा टार्गेटच्या वर दिसतोय. क्रेडिट नोटा आणि परत आलेला माल धरून पक्का झाला की सोमवारी बोलू. आज सगळ्यांनी निवांत घरी जा.’ खरं अभिनंदन हिशेब बंद झाल्यावर, पण आठवड्याभरात. दोन ऑक्टोबरची सुट्टी मध्ये येते हे लक्षात ठेवा. दसऱ्यानंतर दिवाळीची धावपळ सुरू झाली की कुणाचं लक्ष राहत नाही.

वेळ सकाळची घ्या, बीटवर निघायच्या आधीची, सव्वानऊच्या सुमाराची. संध्याकाळी सहानंतर मुलुंडला किंवा विरारला राहणारा माणूस तुमचं भाषण ऐकत नसतो, तो मनात लोकल पकडत असतो. मुंबईत सेल्समन रोज ऑफिसात येत नाहीत, थेट पॉइंटवर जातात. म्हणून महिन्याची रिव्ह्यू मीटिंग असेल त्याच दिवशी हे करा, आणि सुषमाताई त्या खोलीत बसलेल्या असतील हे पाहा. बऱ्याच ठिकाणी रिव्ह्यू चालू असताना कोऑर्डिनेटर बाहेर प्रिंट काढत असते आणि तिचं कौतुक तिच्या माघारी होतं. त्या दिवशी प्रिंट आदल्या दिवशीच काढून ठेवायला सांगा.

एक माणूस मात्र मीटिंगच्या आधी गाठा: ज्याचा आकडा सगळ्यात मोठा आहे तो. आपल्या उदाहरणात महेश. त्याला कौतुकाची सवय आहे, आणि या वेळी दुसऱ्याचं नाव सविस्तर येणार हे त्याला अचानक कळलं तर तो ‘माल तर आम्ही विकला’ असं बोलून बसेल, किंवा बोलणार नाही पण चेहऱ्यावर दिसेल. त्याला सरळ सांगा: ‘महेश, विक्रोळीत तू गणपतीच्या आधी जी बिलं काढलीस त्यावर मी बोलणार आहे. आणि क्लेम सुटले म्हणून माल हातात होता, तेही बोलणार आहे. जुलैत काय अवस्था होती ते तूच दोन वाक्यांत सांगशील का?’ हे काम त्याच्याकडे दिलं की ताईंच्या कामाची साक्ष सगळ्यात मोठा विक्री करणारा देतो. तुमच्या तोंडून आलेल्या दहा वाक्यांपेक्षा टीम ती जास्त मानते.

मजकूर

आधी असा मसुदा पाहा, जो घाईत लिहिला जातो:

‘अभिनंदन टीम! १०९ टक्के! महेश, इरफान आणि सर्व सेल्स चॅम्पियन्सना सलाम. पडद्यामागून साथ देणाऱ्या सुषमा मॅडमचेही खूप खूप आभार. आता डिसेंबर गाजवूया!’

यात ताई शेवटून दुसऱ्या आहेत, ‘चेही’ लावून आलेल्या आहेत, आणि त्यांनी काय केलं ते वाचणाऱ्याला कळत नाही. आभार मानलेत, म्हणजे त्यांनी टीमला मदत केली असं ध्वनित होतं. खरं तर त्या टीममध्येच आहेत. आणि शेवटच्या ओळीत पुढचं टार्गेट आलं, त्यामुळे अख्खा मजकूर पुढच्या तिमाहीची प्रस्तावना वाटतो. पुढचं टार्गेट दुसऱ्या दिवशी सांगा.

आता नीट लिहिलेला:

‘जुलै ते सप्टेंबरचा पक्का आकडा: टार्गेट २ कोटी ४० लाख, झाले २ कोटी ६१ लाख. दुकानात गेलेला माल २ कोटी ५२ लाख, म्हणजे ही विक्री खरी आहे, गोडाऊनमध्ये पडलेली नाही. सगळ्यांचं मनापासून अभिनंदन.

‘या वेळी रोजच्या चाळीस दुकानांत सरासरी २३ बिलं झाली, आधी १८ होत होती. भर पावसात नऊही जणांनी बीट चुकवली नाही हे त्यामागे आहे, आणि यादीतलं दुकान जागेवर सापडत होतं हेही आहे. ती यादी सुषमाताईंनी दुकानागणिक फोन करून दुरुस्त केली, २१० चुकीच्या नोंदी काढल्या आणि हललेल्या दुकानांचे नवे पत्ते घातले. विक्रोळीचे जानेवारीपासूनचे क्लेम त्यांनी आणि प्रकाशने बिल न् बिल ताडून मार्गी लावले, त्यामुळे गणपतीच्या आधी तिथे माल होता. तो माल महेशने दहा दिवसांत दुकानांत पोहोचवला. कुर्ल्यात इरफानने नव्या पत्त्यांवरची दुकानं परत चालू केली.

‘सोमवारी सव्वानऊला भेटू. नाश्ता माझ्याकडून.’

ताईंचं काम इथे मध्यभागी आहे, आणि महेशचं, इरफानचं काम त्याच साखळीत पुढे येतं. त्यामुळे कुणाचं श्रेय कापून कुणाला दिलंय असं वाटत नाही. उरलेल्या सात जणांबद्दलही एकेक खरी गोष्ट मीटिंगमध्ये तोंडी सांगा; ग्रुपवर नऊ जणांची जंत्री वाचली जात नाही. टीममध्ये मराठी न वाचणारे असतील, आणि मुंबईत ते असतातच, तर हाच मजकूर हिंदीतही टाका. नुसत्या इमोजींवरून ते तुमचं बोलणं समजून घेतील अशी अपेक्षा धरू नका.

मीटिंगमध्ये हेच तोंडी बोलताना शक्यतो फाइल पडद्यावर दाखवा. जूनची यादी आणि सप्टेंबरची यादी शेजारी ठेवली की दहा सेकंदांत काम दिसतं. ताईंना ‘चार शब्द बोला’ असा आग्रह मात्र धरू नका; आधी विचारलं असेल आणि त्यांनी हो म्हटलं असेल तरच बोलायला सांगा.

वर लेखी कळवा

ग्रुपवरचा मजकूर दोन दिवसांत वर सरकून दिसेनासा होतो. रिजनल मॅनेजरला वेगळा मेल करा, एचआरला आणि ताईंना त्यात घ्या. मेल छोटा असावा आणि त्यात एक वाक्य असं असावं, जे वार्षिक मूल्यमापनाच्या फॉर्ममध्ये जसंच्या तसं उचलता येईल: ‘सुषमाताईंनी १,६५० दुकानांची यादी तपासून २१० चुकीच्या नोंदी दुरुस्त केल्या आणि ४ लाख ८० हजारांच्या थकीत क्लेमपैकी ३ लाख ९० हजार निकाली काढले.’ मूल्यमापन सहा महिन्यांनी होतं, तोपर्यंत तुमची बदली झालेली असू शकते. नवा मॅनेजर सेल्समनचे आकडे सिस्टीममधून काढेल. ताईंच्या कामासाठी त्याच्याकडे हा मेलच असेल.

मेल पाठवताना एक खबरदारी घ्या. ‘माझ्या मार्गदर्शनाखाली’ हे शब्द चुकूनही येऊ देऊ नका. यादी दुरुस्त करायची कल्पना ताईंची असेल तर कल्पनाही त्यांचीच लिहा.

या कौतुकाचा परिणाम बरोबर झाला की नाही हे पुढच्या दोन-तीन आठवड्यांत कळतं. सेल्समन बंद झालेल्या दुकानाची खबर आपणहून ताईंना द्यायला लागले, क्लेमची बिलं मागायच्या आधी पाठवायला लागले, तर काम काय होतं ते त्यांना समजलं. याउलट ‘यादीचं काम मॅडम बघतात’ म्हणून सगळा कारकुनी भार त्यांच्या टेबलावर येऊन पडायला लागला, तर कौतुकाची शिक्षा झाली. असं दिसलं की लगेच थांबवा: बीटवरच्या दुकानाची खबर देणं हे सेल्समनचं काम, ती नोंदवणं ताईंचं, आणि कुणी काय करायचं हे तुम्ही मीटिंगमध्ये स्पष्ट सांगायचं.

कधी कधी अभिनंदन झाल्यावर कळतं की एक नाव राहिलं. समजा, भिवंडीच्या गोडाऊनमधल्या सुपरवायझरने जुन्या पॅकचा माल वेगळा काढून ठेवला होता, म्हणून स्कीमचे क्लेम या वेळी परत आले नाहीत. अशा वेळी त्याला एकट्याला फोन करून ‘राहून गेलं’ म्हणणं पुरत नाही. जिथे बाकीच्यांची नावं आली तिथेच, त्याच दिवशी, त्याच पद्धतीने लिहा: ‘कालच्या मजकुरात एक काम राहिलं. भिवंडीला रमेशभाऊंनी जुना आणि नवा पॅक वेगळा लावून ठेवला, त्यामुळे सप्टेंबरचा एकही क्लेम पॅक कोडवरून परत आला नाही. रिजनल ऑफिसच्या मेलमध्येही हे जोडलं आहे.’